एक बरोबर कमी

कंसमामा दुसऱ्याचा प्रोग्राम वाचायला बसले की आधी खुर्ची मागे सरकवायचे. जवळून बघण्याच्या लायकीचं काही समोर असेल असं त्यांना कधी वाटलंच नाही. मग चष्मा नाकाच्या शेंड्यावर यायचा, ओठांचा एक कोपरा खाली जायचा आणि पडद्यावरची पहिली ओळ वाचून होण्याआधीच एक लांब उसासा बाहेर पडायचा. तो उसासा त्या खोलीत सगळ्यांना पाठ होता. ज्याचा प्रोग्राम असेल त्याचे कान तापायचे आणि बाकीचे आपापल्या कीबोर्डात माना खुपसून बसायचे, जणू आजच तिथली अक्षरं पहिल्यांदा दिसली आहेत.

कंपनी लिफ्ट बनवायची. म्हणजे लोखंडी पिंजरे, दोरखंड आणि मोटारी खालच्या शेडमध्ये व्हायच्या. वरच्या मजल्यावर, काचेच्या खोलीत, लिफ्टला अक्कल दिली जायची. कोणत्या मजल्यावर थांबायचं, दार कधी उघडायचं, वीज गेली तर काय करायचं, हे सगळं सी नावाच्या संगणकाच्या भाषेत लिहायचं, कंपायलर नावाच्या प्रोग्रामने ते तपासून यंत्राच्या भाषेत उतरवलं की एका हिरव्या बोर्डात भरायचं. ही अक्कल देण्याचं काम आपल्याखेरीज कोणाला जमत नाही अशी कंसमामांची पक्की खात्री होती. खालच्या शेडमधल्या माणसांना ते 'लोखंड' म्हणत. काचेच्या खोलीतल्यांना काही म्हणत नसत, फक्त बघत. ते जास्त लागायचं.

कंसमामा हे नाव अर्थात मागून पडलेलं. कोणी पाडलं ते कधी उघड झालं नाही, पण कारण सगळ्यांना ठाऊक होतं. मामा प्रत्येक तुलनेला स्वतंत्र कंस घालत. लागो न लागो, कंस हवाच. पुराणातल्या मामाने भाचे मारले, आमच्या मामाने कंसाशिवाय लिहिलेल्या ओळी मारल्या, असं खोलीतला दाढीवाला म्हणायचा. मामा कॅन्टीनला गेले की म्हणायचा, अर्थात.

या दाढीवाल्याची एकदा जी शोभा झाली ती तो जन्मात विसरणार नाही. दार उघडं असेल तर लिफ्ट हलवायची नाही, एवढीच अट त्याला लिहायची होती. त्याने दोन बरोबरच्या जागी एकच बरोबर टाकलं. मामांनी ती ओळ पाहिली, उसासाही टाकला नाही, उठून उभे राहिले आणि सगळ्या खोलीला हाक मारली.

"या, या सगळे. बघण्यासारखं आहे. दाढीवाले, हे काय आहे?"

"अट आहे सर."

"अट? ही अट नाही, हा हुकूम आहे. शाळेत बरोबरचं चिन्ह शिकलात आणि तिथंच थांबलात वाटतं. सी मध्ये एक बरोबर म्हणजे उजवीकडचं उचल आणि डावीकडे ठेव. दोन बरोबर म्हणजे बघ बाबा, ही दोन्ही सारखी आहेत का? तुम्ही दाराकडे गेलात कशाला? उघडं आहेस का, हे विचारायला. आणि केलंत काय? त्याच्या थोबाडावर पाटी चिकटवलीत, 'उघडं'. आणि परत येऊन आम्हाला सांगताय, साहेब, मी स्वतः वाचून आलो, उघडंच आहे!"

खोली हसली. दाढीवाला हसला नाही.

"पण सर, कंपायलरने चूक दाखवली नाही."

"का दाखवावी? भाषेच्या नियमात हे बसतं. तुमच्या अकलेत बसत नाही हा वेगळा भाग. ठेवलेला आकडाच त्या कंसाची किंमत होतो आणि अट तपासणारा इफ इतका भोळा आहे की शून्य सोडून काहीही दिलंत तर तो म्हणतो, खरं आहे. कंपायलर फार तर इशारा देतो, की बाबा, इथं एकच बरोबर आहे, तुला नक्की हेच म्हणायचंय का? तो इशारा तुम्ही वाचला नाहीत, कारण वाचणं तुमच्या खानदानात नाही."

मग त्यांनी फळ्यावर आपला नियम लिहिला. कायमचा आकडा नेहमी डावीकडे. दार उघडं म्हणजे 1, तर लिहायचं 'दार == 1' नाही, '1 == दार'. मग बोट घसरून एक बरोबर राहिलं तरी '1 = दार' होतं. एक हा आकडा, त्याच्या पोटात दुसरं काही ठेवता येत नाही. कंपायलर तिथंच कानफटात मारतो.

"आणि प्रत्येक तुलनेला तिचा कंस. हे दोन नियम पाळा, ही चूक तुमच्या हातून होणं शक्य नाही. इतकी वर्षं मी पाळतोय. झाली का माझ्या हातून?"

सगळ्यांनी माना डोलावून ते दोन नियम उतरवून घेतले.

घरी मामांचा तुच्छतेचा मुख्य विषय होता त्यांचा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ. त्याच कंपनीत, पण सर्व्हिसच्या बाजूला, लिफ्टचा मेकॅनिक. तो कामाला लागला तोच मुळी बहिणीने मामांच्या मागे भुणभुण लावल्यामुळे. मामांनी एका साहेबांपाशी अर्धं वाक्य टाकलं होतं आणि तेवढ्याचाही त्यांना नंतर पस्तावा झाला. मेहुणा यायचा तेव्हा आधी त्याच्या स्कूटरचा आवाज यायचा, मग त्याचा स्वतःचा, मग ग्रीसचा वास. वीज गेली आणि लिफ्ट मध्येच अडकली की मशीनच्या खोलीत जाऊन, ब्रेक सोडून, हाताने चाक फिरवून ती जवळच्या मजल्याला लावायची, हे त्याचं मोठं कौशल्य. मामा त्याला मनात 'हँडल' म्हणत. पुष्कळदा मोठ्यानेही.

"काय म्हणतंय हँडल? फिरलं का आज?"

"फिरलं ना भावोजी!" मेहुणा खूष होऊन सांगायचा. त्याला टोमणा कळायचाच नाही, आणि मामांना त्याचाच जास्त राग यायचा. टोमणा मारावा आणि समोरच्याने तो आशीर्वादासारखा डोक्यावर घ्यावा, याहून वाईट प्रेक्षक कोणता? "मी सगळ्यांना सांगतो, लिफ्टचा मेंदू आमच्या भावोजींनी लिहिलाय. आम्ही काय, हातपाय."

"हातपायसुद्धा नाहीस. नखं."

"अहो!" आतून बायको ओरडायची.

"नखं तर नखं," मेहुणा म्हणायचा. "पण कोणाची? तुमची!" आणि टाळीसाठी हात पुढे करायचा. ग्रीसने भरलेला. मामांनी तो हात कधी घेतला नाही.

मग एका सात मजली इमारतीत जे झालं ते असं. दुपारी वीज गेली. लिफ्ट चौथा मजला सोडून पाचव्याकडे निघाली होती, ती मध्येच थांबली. आत एक म्हातारी आणि तिची सून. मेहुणा जवळच कुठेतरी होता, तो धावला, वर गेला, ब्रेक सोडला. पिंजऱ्यात माणसं कमी असली की दोराच्या पलीकडच्या टोकाचं वजन भारी पडतं आणि लिफ्ट वरच्या बाजूला सहज सरकते, म्हणून त्याने चाक वरच्या अंगाला फिरवलं आणि पिंजरा पाचव्या मजल्याला लावला. म्हातारी बाहेर आली, तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवला, आणि मेहुणा पुढच्या कामाला गेला.

वीज आली. लिफ्ट सुरू झाली आणि वेड्यासारखी वागू लागली. आतला आकडा चार दाखवायचा आणि दार पाचव्यावर उघडायचं. तळमजल्याला निघालेली माणसं पहिल्या मजल्यावर बाहेर पडून रस्ता शोधायची. शेवटी कोणा एका गृहस्थाने सातवा दाबला. लिफ्टच्या हिशेबाने ती सहाव्यावर होती तेव्हा प्रत्यक्षात सातव्यावर पोचलेली. तिने आणखी एक मजला वर जायचा प्रयत्न केला. तो मजला कोणी बांधलेलाच नव्हता. अगदी वरच्या टोकाला जो सुरक्षेचा स्विच असतो त्याने वीज तोडली म्हणून बरं. गृहस्थ छताखाली अडकले, घामाघूम झाले, बाहेर काढल्यावर त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. त्यांच्या मुलाने कंपनीत येऊन टेबलावर मूठ आपटली.

आता माणूस शोधायचा होता, ज्याच्यावर हे घालता येईल. सर्व्हिसच्या साहेबांना तो लगेच सापडला. लिफ्टला शेवटचा हात कोणी लावला होता? मेकॅनिकने. हाताने फिरवताना त्याने मजल्याची खुणेची पट्टी हलवली असणार. प्रत्येक मजल्याला अशी एक पट्टी असते, वीज आल्यावर लिफ्ट ती एकदा वाचून मी कुठे आहे हे ठरवते आणि पुढे नुसती मोजत जाते. त्याला कामावरून बंद करण्यात आलं. चौकशी झाली की कायमचं घरी पाठवायचं, असंही ठरलं. फक्त एक कागद हवा होता, प्रोग्राम निर्दोष आहे अशी कंसमामांची सही असलेला.

"देतो," मामा म्हणाले. "प्रोग्रामची शंका यायचं कारणच काय?"

संध्याकाळी मेहुणा घरी आला तेव्हा स्कूटरचा आवाज आला नाही. पायी आला होता. सोफ्यावर न बसता स्टुलावर बसला.

"भावोजी, मी पट्टीला हात लावला नाही हो. आईशप्पथ. पट्टी खाली, मी वर. माझा हात पोचणार कसा?"

"मग लिफ्ट काय गंमत म्हणून चार दाखवत होती?"

"ते मला कसं कळणार? ते तुमचं खातं."

"माझ्या खात्यात असलं काही होत नाही."

"नाहीच होणार," मेहुणा मनापासून म्हणाला. "मग माझंच काहीतरी झालं असेल. पण काय झालं तेवढं सांगा. बायको विचारते, नक्की केलंत काय? मला सांगताच येत नाही."

तो गेल्यावर बायको दारातच उभी राहिली. ती भांडली असती तर मामांना बरं वाटलं असतं, भांडणात ते मुरलेले होते.

"दोन मुली आहेत त्याला," ती म्हणाली. "तुम्हाला तो गाढव वाटतो. असू दे. पण गाढवाला लाथ मारायची तर कारण तरी खरं शोधा."

कारण शोधायला मामा दुसऱ्या दिवशी सकाळीच कंपनीत गेले. हेतू मेहुण्याला वाचवायचा मुळीच नव्हता. हँडलने नक्की कुठे माती खाल्ली हे सप्रमाण दाखवायचं, म्हणजे बायकोचं तोंड बंद, असा साधा हिशेब. पण इमारतीतून पट्टीचे फोटो आले होते आणि पट्टी जागच्या जागी होती. एक स्क्रूसुद्धा हललेला नव्हता. मामांनी नाक मुरडलं आणि चाचणीच्या टेबलाशी बसले.

त्या टेबलावर खरी लिफ्ट नसते. बोर्ड असतो, मजल्यांचे दिवे असतात आणि पट्टीच्या जागी एक गोल बटण असतं. ते फिरवून बोर्डाला सांगायचं, तू आता अमुक मजल्यावर आहेस. वीज गेल्यावर काय होतं याच्या दोन चाचण्या मामांनी स्वतः ठरवल्या होत्या. एक, लिफ्ट तिसऱ्यावर असताना वीज तोडायची, काहीही न हलवता परत द्यायची. लिफ्टने तिथूनच पुढे चालू व्हावं. व्हायची. दुसरी, लिफ्ट तळमजल्यावर असताना वीज तोडायची, बटण पहिल्या मजल्यावर फिरवायचं, म्हणजे कोणा हँडलने मध्येच ढकलली असं समजायचं. मग वीज द्यायची. आठवणीतला मजला आणि पट्टीवरचा मजला जुळला नाही तर लिफ्टने कशावरच विश्वास न ठेवता हळूहळू तळाला जाऊन मोजणी पहिल्यापासून करावी. तीही करायची. दोन्ही चाचण्या पास, खाली मामांची वळणदार सही.

मामांनी आज तिसरीच चाचणी केली, इमारतीत झालं तसं. चौथ्यावर वीज तोडली, बटण पाचव्यावर नेलं, वीज दिली.

लिफ्ट तळाला गेली नाही. चौथ्याचा दिवा लावून निवांत उभी राहिली.

मामांनी पुन्हा केलं. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर. तिसऱ्याचा दिवा. सहाव्यावरून सातव्यावर. सहाव्याचा दिवा. तळमजल्यावरून पहिल्यावर, आणि लिफ्ट शहाण्यासारखी हळूहळू तळाला गेली. फक्त तळमजल्यावरून निघाली की शहाणी. म्हणजे प्रोग्रामच्या हिशेबात शून्यावरून निघाली की.

शून्य म्हटल्यावर मामांना तो भोळा इफ आठवला. त्यांनी फाईल उघडली. खुर्ची मागे सरकवायला ते विसरले. ती ओळ मधोमध होती. नावं इथे मराठीत दिली आहेत, बाकी ओळ होती तशीच:

if ((खूण = आठवण) && (0 == वेग))

खूण म्हणजे पट्टीवरून वाचलेला मजला. आठवण म्हणजे वीज जाताना साठवून ठेवलेला. दोन्ही सारखे असतील आणि लिफ्ट उभी असेल, तर इथूनच पुढे चालू, नाहीतर तळाला. असं म्हणायचं होतं. म्हटलं गेलं होतं ते निराळंच. पट्टी ओरडून सांगत होती, पाच! आणि ही ओळ तिच्या तोंडावर हात ठेवून तिथे चार लिहीत होती आणि मग त्याच चाराकडे बघून म्हणत होती, खरं आहे. आठवण शून्य असली तरच खोटं व्हायचं. म्हणून तळमजल्याची चाचणी पास. उत्तर बरोबर आणि कारण साफ चूक.

आणि मामांचे ते दोन नियम? उजव्या बाजूला '0 == वेग' कसा दिमाखात उभा होता, आकडा डावीकडे, शिस्तीत. पण डाव्या बाजूला आकडाच नव्हता. दोन्हीकडे बदलणारी नावं. डावीकडे काय ठेवणार, कपाळ? कंपायलरने इशारा तरी द्यायचा. तो का दिला नाही हे मामांना उमगलं तेव्हा त्यांना खोलीत एकटं असूनही घाम फुटला. एकाच बरोबरभोवती स्वतंत्र कंस घातला की कंपायलर समजतो, याने हे जाणूनबुजून केलंय. शहाण्याच्या मध्ये बोलू नये म्हणून तो गप्प बसतो. मामांनी आयुष्यभर प्रत्येक तुलनेला कंस घातला होता. त्या कंसानेच कंपायलरचं तोंड बांधलं होतं.

त्यांनी एक बरोबर आणखी टाकलं. तिसरी चाचणी केली. लिफ्ट मुकाट्याने तळाला गेली. एवढंच. बोटाची एक टिचकी. आता हे साठवायचं, नव्या आवृत्तीत 'किरकोळ सुधारणा' म्हणून घालायचं, सगळीकडे पाठवायचं, आणि तो निर्दोष असल्याचा कागद सही करून द्यायचा. कोणी विचारणारसुद्धा नव्हतं. कंसमामांच्या फायलींत डोकावायची कोणाची छाती होती?

मामांना त्या क्षणी मेहुण्याची दया आली असं सांगायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे ग्रीसचा तो हात आला आणि नेहमीसारखा तिरस्कारच वाटला. पण तिरस्कारही कधीकधी माणसाला सरळ वाटेवर आणून सोडतो. ही चूक हँडलने केली असं लोक म्हणणार? या माणसाने? ज्याला कंस म्हटलं की पुराणातला मामा आठवतो? इतकी घडीव, इतकी नेटकी, दोन्ही नियम पाळून केलेली चूक करायची त्याची लायकी होती का? मामांना ते सहन होईना. त्यांनी ते नवं बरोबर खोडलं, ओळ होती तशी केली आणि चौकशीच्या खोलीकडे निघाले.

खोलीत सर्व्हिसचे साहेब होते, कारखान्याचे मॅनेजर होते, मामांच्या फायली तपासून सही करणाऱ्या बाई होत्या आणि टेबलाच्या टोकाला, टोपी मांडीवर घेऊन, मेहुणा. मामांनी कोणाला नमस्कार केला नाही. ती ओळ भिंतीवर मोठी करून लावली आणि दोन पावलं मागे सरून तिच्याकडे बघत राहिले. आणि मग उसासा आला. सगळ्यांना पाठ असलेला, लांब.

"वा!" ते म्हणाले. "काय ओळ आहे! मंडळी, नीट बघून घ्या. असा नमुना रोज मिळत नाही. कोण्या दिवट्याने दोन मजल्यांची तुलना करायला घेतली आणि एक मजला दुसऱ्याच्या घशात कोंबला. आणि वर केवढा थाट! कंस काय, डावीकडे शून्य काय! अंगावर शालजोडी आणि खाली धोतराचा पत्ता नाही!"

मॅनेजर पुढे झुकले. "म्हणजे प्रोग्राममध्ये..."

"मध्येच बोलू नका. या महाभागाने चाचणीसुद्धा अशी शोधून काढली की जिथे आपलं पितळ उघडं पडणार नाही. सगळे मजले सोडून तळमजला! का? तर खुर्चीतून उठून बटण जास्त फिरवायला नको. चाचणी पास झाली की हा खूष. पण का पास झाली, हे बघायची तसदी कोण घेणार? दाढीवाल्याने निदान एक बरोबर उघड्यावर टाकलं होतं. याने कंसात गुंडाळून टाकलं. दाढीवाला अडाणी, हा शिकलेला अडाणी. सातव्याला निघालेल्या माणसाला छताला नेऊन टेकवलं याने, मेकॅनिकने नव्हे. कोणाची फाईल आहे ही? बाई, नाव वर असतं. वाचा."

बाईंनी ते नाव ओठांतल्या ओठांत वाचलं.

"मोठ्याने वाचा."

"सर, तुमची आहे."

"माझी," मामा म्हणाले. "आणि तपासल्याची सही?"

"माझी," बाई म्हणाल्या. "मी वाचली नव्हती."

"का?"

बाईंनी चष्मा काढला. "एकदा तुमच्या फाईलमधली एक चूक मी दाखवली होती सर. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, आधी वाचायला शिका, मग तपासा. ती चूक खरी होती. तुम्ही नंतर गुपचूप दुरुस्त केलीत, तेही मी पाहिलं. तेव्हापासून तुमची फाईल आली की मी तिला हात जोडते आणि सही करते. माझं चुकलंच. पण तुमची फाईल वाचून कोणाचं भलं झालंय इथे?"

मामांनी तोंड उघडलं. टोमणा नेहमी जिथे तयार असायचा तिथे हात घातला, आणि हात रिकामा आला.

"यापुढे," शेवटी ते म्हणाले, "माझी फाईल तुम्ही वाचायची. माझ्यासमोर. मोठ्याने. आणि मी खुर्चीत हललो तर मला बाहेर काढायचं."

मॅनेजरांनी घसा साफ केला. "ठीक आहे, ठीक आहे. अहवालात आपण म्हणू, सॉफ्टवेअरमधील एक तांत्रिक बाब..."

"बाब?" मामा गर्रकन वळले. "बाब कसली? चूक लिहा. कोणाची ते लिहा. आणि लिफ्ट जिथे जिथे गेल्यात तिथे तिथे आजच माणसं पाठवा. आणि हा..." त्यांनी मेहुण्याकडे बोट केलं, बघितलं नाही. "याने सांगितलेलं काम केलं. दुसरं काही करायची याच्यात अक्कलच नाही. त्याला कामावर घ्या."

मेहुण्याने टोपी डोळ्यांना लावली होती.

संध्याकाळी स्कूटरचा आवाज आला. मेहुणा आत शिरला तो सरळ वाकला आणि मामांनी पाय मागे घ्यायच्या आत त्यांना हात लावून मोकळा झाला.

"ऊठ. हे काय नाटक?"

"नाटक तुम्ही केलंत भावोजी! काय काम केलंत! साहेबाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. ताई, तू हवी होतीस. माझ्यासाठी या माणसाने स्वतःला भर खोलीत गाढव म्हणवून घेतलं!"

"तुझ्यासाठी?" मामा म्हणाले. "अरे, चूक माझीच होती."

"हो हो," मेहुणा म्हणाला आणि बहिणीकडे बघून डोळे मिचकावले. "तुमचीच होती. मी कुठे नाही म्हणतोय? बाहेर विचारलं तर मीही हेच सांगणार."

"बाहेरचं सोड. खरंच माझी होती."

"भावोजी, मी अडाणी आहे, पण एवढा नाही. तुमच्या हातून चूक? लिफ्टचा मेंदू लिहिणाऱ्याच्या? आणि कसली म्हणे, एक काडी कमी पडली! दुसरं काही तरी सुचायचं होतं. साहेबांना पटलं हे नशीब!"

मामांनी टेबलावरचं वर्तमानपत्र ओढलं, कडेच्या कोऱ्या जागेत एक बरोबर काढलं, शेजारी दोन काढली. "हे बघ. हे दोन म्हणजे विचारणं. हे एक म्हणजे सांगणं. मला विचारायचं होतं, मी सांगून मोकळा झालो. पट्टी पाच म्हणत होती, मी तिला चार करून टाकलं. कळतंय?"

मेहुण्याने कागदाकडे बघितलं, मग मामांच्या तोंडाकडे. त्याचे डोळे पुन्हा भरून आले.

"कळतंय," तो म्हणाला. "किती जपून पाठ केलंय तुम्ही सगळं!"

"अरे गाढवा, मी चुकलो!" मामा ओरडले. शेजारच्या खिडकीत कोणीतरी डोकावलं. "मी! माझ्या हाताने! चुकलो!"

मेहुण्याने त्यांचा हात आपल्या ग्रीसच्या दोन्ही हातांत घट्ट धरला आणि बहिणीकडे मान वळवली.

"बघ ताई," तो म्हणाला, "घरातसुद्धा कबूल करत नाहीत."